ओतकामाच्या धड्याचा शब्दसंग्रह: २४ पानांचे फोटो, १४० शब्द, आणि व्याख्या चुकतायत

खानापूरकरीण

नमस्कार मंडळी. मी बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक बाहेर नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही चौघींनी त्यातल्या कास्टिंगच्या धड्याची २४ पानं मोबाइलवर फोटो काढून घेतलीत. या धड्यातल्या तांत्रिक शब्दांची यादी करायची आणि प्रत्येकाला मराठीत एकदोन ओळींची व्याख्या लिहायची, असा बेत आहे. परीक्षा इंग्रजीत असते, पण आधी डोक्यात उतरायला तर पाहिजे.

फोटोतून मजकूर काढला, जाड ठशातले शब्द वेचले, १४० झाले. आता व्याख्या लिहिताना गोची होतेय. तीन नमुने देते:

ग्रीन सँड – साचा करायला वापरतात ती हिरवी वाळू.
ड्राफ्ट – पॅटर्नच्या उभ्या बाजूला दिलेला १० ते ३० अंशांचा उतार.
श्रिंकेज – धातू थंड होताना आकसतो ते. त्यासाठी रायझर ठेवतात.

एका सरांना दाखवलं तर ते हसले आणि पुढच्या वर्गाला गेले. काय चुकलं तेवढं कुणी सांगेल का?

तुषार_टिळकवाडी

एवढं हातानं कशाला करताय? लॅपटॉपवर टेसरॅक्ट टाका आणि प्रत्येक फोटोवर हे चालवा:

```
tesseract p07.jpg p07 -l eng --psm 6
```

मग नेहमीचे इंग्रजी शब्द वगळायचे. जे तीनपेक्षा जास्त वेळा येतात ते तुमचे पारिभाषिक शब्द. व्याख्या त्या शब्दाच्या आजूबाजूच्या वाक्यातून उचलायची. अर्ध्या तासाचं काम.

उद्यमबागचा_जुना

पोरी, तुझे सर का हसले ते मी सांगतो. मी उद्यमबागेत फाउंड्रीत ३१ वर्षं काढली, आता घरी बसून नातवाला शाळेत सोडतो.

ग्रीन सँड हिरवी नसते. रंगानं म्हणशील तर काळी, कारण तिच्यात कोळशाची पूड असते. ग्रीन म्हणजे ओली. आपण हिरवा चारा म्हणतो तो वाळलेल्याच्या विरुद्ध, तसंच हे. वाळू, बेंटोनाइट माती आणि थोडं पाणी एकत्र मळलेलं, आणि साचा भट्टीत न वाळवता तसाच ओला असताना त्यात लोखंड ओततात. ही "न वाळवता" गोष्ट तुझ्या व्याख्येत हवी. वाळवलेल्या वाळूच्या साच्यापासून ती वेगळी ओळखू येते ती एवढ्यावरूनच.

आता ड्राफ्ट. १० ते ३० अंश? अगं, तो पॅटर्न राहणार नाही, नरसाळं होईल! १०० मिमी खोल पॅटर्नला ३० अंश दिलेस तर प्रत्येक बाजूनं साधारण ५८ मिमी वाकडं होईल. २ अंशाला साडेतीन मिमी होतं आणि तेवढंच लागतं, वाळू न मोडता पॅटर्न वर निघायला. पुस्तकात काय छापलंय ते फोटोत बघ जरा.

खानापूरकरीण

काका, बघितलं. फोटोत 1° to 3° असं स्वच्छ आहे. मजकूर काढताना अंशाच्या खुणेचा शून्य झाला आणि 10 to 30 आलं. मी "अंश" हा शब्द पुढच्या वाक्यावरून स्वतःच लिहिला. म्हणजे वाचताना मला काहीच खटकलं नाही!

निपाणीची_वीणा

हीच खरी मेख आहे. मी तांत्रिक भाषांतरं करते, कोश करायचं काम अधूनमधून येतं. फोटोतून आलेल्या मजकुरात दोन प्रकारच्या चुका असतात. एक, अक्षर मोडलेलं दिसतं, ते आपण दुरुस्त करतो. दुसरी, चुकून खरा शब्द किंवा खरा आकडा तयार होतो, आणि ती कुणालाच दिसत नाही. clay चं day होतं, burn-on चं bum-on होतं, दशांश चिन्ह गळून 10.5 चं 105 होतं. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम day ला हात लावत नाही, कारण तो शब्द बरोबरच आहे. धड्यात घातांक असलेलं सूत्र असेल तर तेही बघ. (V/A)² हे मजकुरात (V/A)2 होऊन येतं आणि वर्गाचा गुणाकार होऊन बसतो.

म्हणून माझा एक नियम आहे. व्याख्येत येणारा प्रत्येक आकडा, एकक आणि सूत्र फोटोवरूनच लिहायचं, काढलेल्या मजकुरावरून कधीच नाही. मजकूर फक्त शोधायला वापरायचा.

तुषार, तुझ्या आज्ञेत एक गोम आहे. पान एका स्तंभाचं असेल तर ६ चालेल. पण या जाड पुस्तकांत पुष्कळदा दोन स्तंभ असतात. ६ म्हणजे सगळं पान एकच सलग ठोकळा धरलं जातं. मग डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ जोडून वाचली जाते.

खानापूरकरीण

ताई, दोन स्तंभच आहेत! आणि तुषारदादांची आज्ञा मी आत्ताच चालवून बघितली. "The riser must solidify the pattern is drawn after the casting from the sand" असलं काहीतरी आलं.

तुषार_टिळकवाडी

😅 बरं, `--psm 3` करा मग. तो स्तंभ ओळखतो. शिवाय ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडायला हे:

```
sed -z 's/-\n//g' p07.txt > p07j.txt
```

solidifica- आणि खालच्या ओळीवर tion असं असेल तर एक होतं.

निपाणीची_वीणा

हे उपयोगी आहे. एवढंच की ज्या शब्दात मुळातच जोडरेघ आहे आणि ती नेमकी ओळीच्या शेवटी आली, तिथं तीही जाते. cross-section चं crosssection होतं. यादीत असे दोनचार सापडतील, ते हातानं करायचे.

आणि fi चं बघा. छपाईत f आणि i कधीकधी जोडून एकच खूण असते. मजकुरात ती तशीच एक खूण म्हणून उतरली, तर fillet शोधल्यावर काहीच सापडत नाही, शब्द डोळ्यांसमोर असूनही. मी पहिल्यांदा यावर एक संध्याकाळ घालवली होती. आता आधीच बदलून घेते.

शब्द निवडण्याबद्दल मात्र मोजणीवर माझा भरवसा नाही. metal शंभर वेळा येईल, तो तुमच्या यादीत नको. chaplet एकदाच येईल, तो हवाच. आणि core print हा जोडशब्द आहे. मोजणीत तो core आणि print असा फुटतो, मग print ची व्याख्या काय करणार?

कडोलीचा_सिव्हिल

मीही असंच करतोय म्हणून लिहितो. माझ्याकडे पर्मिअॅबिलिटीची व्याख्या तयार आहे, घ्या: मातीतून पाणी किती सहज झिरपतं त्याचं माप. उगाच परत लिहू नका.

उद्यमबागचा_जुना

अरे बाबा, तुझं पाणी वेगळं आणि आमचा वारा वेगळा. साच्यात लोखंड ओतलं की वाळूतल्या पाण्याची वाफ होते, कोळशाची पूड जळून वायू होतो. तो वायू वाळूच्या फटींतून बाहेर गेला पाहिजे. किती सहज जातो, ती फाउंड्रीतली पर्मिअॅबिलिटी. त्यासाठी ५०.८ मिमी व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा वाळूचा दंडगोल ठोकून करतात आणि त्यातून २००० घनसेंमी हवा जायला किती वेळ लागतो ते मोजतात. रोज सकाळी पहिलं काम ते. आकडा पडला की समजायचं, आज माल फुटणार.

कडोलीचा_सिव्हिल

बरं बरं. पण माझा धडा सॉइल मेकॅनिक्सचा आहे, तिथं तर माझीच बरोबर ना? आणि माझी अडचण ऐका, मी व्हॉइड रेशो आणि पोरॉसिटी दोन्हीला "मातीतील पोकळीचे प्रमाण" असं लिहून ठेवलंय. दोन्ही बरोबरच वाटतात.

निपाणीची_वीणा

तुमच्या धड्यात तुमचीच बरोबर. म्हणून तर संग्रहाच्या डोक्यावर कुठल्या पुस्तकाचा कुठला धडा ते लिहायचं असतं.

तुमच्या दोन शब्दांचं म्हणाल तर "प्रमाण" लिहून थांबलात तिथं गडबड झाली. कशाशी प्रमाण? व्हॉइड रेशोत पोकळी भागिले घन कणांचं आकारमान, पोरॉसिटीत पोकळी भागिले एकूण आकारमान. पहिला १ च्या वर जाऊ शकतो, दुसरा कधीच जात नाही. व्याख्या लिहिली की शेजारच्या शब्दावर ती ठेवून बघायची. तिथंही बसली तर ती व्याख्या अपुरी आहे.

खानापूरकरीण

हे मी माझ्या श्रिंकेजवर करून बघितलं. श्रिंकेज अलाउन्स, श्रिंकेज कॅव्हिटी, दोन्हींवर माझी ओळ बसतेय. मग रायझर नेमका कशासाठी? पुस्तकात तर दोन्हींकडे "to compensate for shrinkage" एवढंच आहे.

तुषार_टिळकवाडी

दोन्ही एकच. धातू आकसतो, म्हणून पॅटर्न मोठा करतात आणि वर रायझरही ठेवतात. डबल सेफ्टी.

उद्यमबागचा_जुना

डबल सेफ्टी नव्हे वो. असं समजून कोणी पॅटर्न केला तर माल भंगारात जाईल. निवांत सांगतो, कारण इथंच दरवर्षी नवी पोरं अडकतात.

ओतलेला धातू तीन टप्प्यांत आकसतो. आधी पातळ असतानाच थंड होत जातो तेव्हा. मग पातळाचा घट्ट होताना. आणि शेवटी घट्ट झाल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. पहिल्या दोन टप्प्यांत आत पोकळी पडायला लागते, आणि तिथं वरून पातळ धातू देता येतो. तो साठा म्हणजे रायझर. अट एकच, रायझर मालाच्या नंतर घट्ट झाला पाहिजे. आधी घट्ट झाला तर तो स्वतः भरलेला राहतो आणि पोकळी तुमच्या मालात. तिसऱ्या टप्प्यात सगळंच घट्ट, आता रायझर काय देणार? तिथं अख्खा तुकडा लांबीरुंदीनं लहान होतो. त्यासाठी पॅटर्नच मोठा करावा लागतो, त्याला श्रिंकेज अलाउन्स म्हणतात.

हिशेब करून दाखवतो. राखाडी बिडाला मीटरमागे साधारण १० मिमी धरतात. ५०० मिमीचा ब्रॅकेट पाहिजे तर पॅटर्न ५०५ मिमीचा. कारागिराकडे त्यासाठी वेगळी पट्टीच असते, तिच्यावरचे मिमी तेवढेच लांब आखलेले. रायझर दुप्पट केलास तरी हे ५ मिमी भरून येणार नाहीत. आणि पॅटर्न ५१० चा केलास तरी आतली पोकळी जाणार नाही.

आमच्याकडं पॅटर्नवाला "श्रिंकेज किती?" विचारायचा तेव्हा त्याला मिमी पाहिजे असायचे. गिऱ्हाईक "श्रिंकेज आलंय" म्हणायचं तेव्हा त्यानं माल कापून आतलं भोक बघितलेलं असायचं. शब्द एक, भांडणं दोन.

खानापूरकरीण

काका, हे चारदा वाचलं. मी असं लिहू का?

श्रिंकेज अलाउन्स – घट्ट झालेला धातू थंड होताना लांबीरुंदीनं आकसतो, म्हणून पॅटर्नच्या मापात आधीच दिलेली वाढ.

रायझर – माल घट्ट होत असताना त्याला लागणारा पातळ धातू पुरवणारा साच्यातला साठा. तो मालानंतर घट्ट व्हावा लागतो.

श्रिंकेज कॅव्हिटी – घट्ट होताना पातळ धातू न पोचल्यानं मालात राहिलेली पोकळी.

नुसत्या "श्रिंकेज"ला आता व्याख्या ठेवतच नाही, तिथं "श्रिंकेज अलाउन्स आणि श्रिंकेज कॅव्हिटी बघा" एवढंच.

उद्यमबागचा_जुना

शाब्बास. कॅव्हिटीला एक शेपूट जोड, नाहीतर ब्लोहोलवर बसेल. माल कापल्यावर श्रिंकेजची पोकळी आतून खरखरीत, वेडीवाकडी दिसते. ब्लोहोल वायूचा, त्याची भिंत गुळगुळीत आणि आकार गोलसर. पोरं दोन्हींना "भोक" म्हणतात आणि मग वाळू सुधारायच्या ऐवजी रायझर वाढवत बसतात.

राखाडी बिडात घट्ट होताना ग्रॅफाइट सुटतं आणि ते फुगतं, म्हणून त्याला रायझर कमी लागतो, काही वेळा लागतच नाही. पण ते व्याख्येत घालू नको, लांबण होईल.

निपाणीची_वीणा

हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं, काका.

सई म्हणू की काय म्हणू तुला, नाव माहीत नाही. पण तुझ्या व्याख्येत एक चांगली गोष्ट झालीय. नुसत्या नावावरून रायझर म्हणजे धातू जिथून वर येतो ती जागा. ते शब्दाचं वर्णन झालं. तू त्याचं काम लिहिलंस.

तक्ता करताना चार रकाने ठेव: शब्द, व्याख्या, पानाचा क्रमांक, आणि ज्या वाक्यावरून व्याख्या केली ते मूळ इंग्रजी वाक्य. चौथा रकाना छापायचा नाही, तो तुमच्या तपासणीसाठी. आणि एकीनं लिहिलेली व्याख्या दुसरीनं फोटो समोर धरून तपासायची. लिहिणारीला स्वतःची चूक दिसत नाही, तुझ्या १० ते ३० सारखी.

जाड ठशावरही विसंबू नकोस. पुष्कळ पुस्तकांत शब्द आधी सहज वापरलेला असतो आणि ठळक होतो तीन पानांनंतर. जो शब्द वाचताना तुम्हा चौघींपैकी एकीलाही अडला, तो यादीत.

अनगोळची_रोहिणी

मधेच विचारते. संग्रह मराठीत आहे तर शब्दही मराठीत का नाहीत? कास्टिंगला ओतकाम, कास्ट आयर्नला बीड, कोअरला गाभा, मोल्डला साचा. चांगले शब्द आहेत, भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. रायझर-चॅपलेट लिहून मराठी कशी टिकणार? इथं सीमेवर आपणच नाही वापरले तर कोण वापरणार?

उद्यमबागचा_जुना

बीड, साचा हे शब्द आम्हीही वापरायचो की. पण आमच्या शॉपमध्ये मराठी, कन्नड दोन्ही माणसं. कन्नडवाला ओतकामाला एरक म्हणतो, साच्याला अच्चू. दोघांचा समान शब्द कुठला? कोअर, रायझर. "गाभा बसव" म्हटलं असतं तर दोघांनीही माझ्याकडं बघत राहिलं असतं.

अनगोळची_रोहिणी

कोणी वापरलाच नाही म्हणून बघत राहिले असते. पहिल्या दिवसापासून म्हटला असता तर?

निपाणीची_वीणा

परीक्षा इंग्रजीत आहे, तेव्हा मथळा इंग्रजी शब्दाचाच असावा, व्याख्येच्या आत साचा, बीड, ओतणे खुशाल यावेत. रोहिणीताईंना हे पटणार नाही, मला माहीत आहे.

अनगोळची_रोहिणी

नाहीच पटलं.

चिकोडी_एक्स्प्रेस

त्या धड्याची पीडीएफ कोणी टाकेल का इथं? माझा पण हाच विषय आहे.

खानापूरकरीण

फोटो नाही टाकणार दादा, लायब्ररीचं पुस्तक आहे, आमच्यापुरते काढलेत. आमच्या शब्दांत लिहिलेला तक्ता झाला की तो देईन.

१४० चे ६१ उरले. metal, furnace, temperature असले गेले. आता मी कोअर प्रिंट, चॅपलेट आणि चिल केले. शेजारच्या शब्दावर ठेवून बघायची युक्तीही केली:

कोअर प्रिंट – कोअर बसायला साच्यात खाच पडावी म्हणून पॅटर्नवर ठेवलेला उंचवटा. (हा कोअरचा भाग नाही, पॅटर्नचा आहे.)

चॅपलेट – साच्यात ठेवलेला धातूचा तुकडा, जो मालातच राहतो.

चिल – साच्यात ठेवलेला धातूचा तुकडा, जो नंतर निघतो.

उद्यमबागचा_जुना

कोअर प्रिंट पक्कं. खालच्या दोघांत परत तीच गफलत. चिल साच्याच्या भिंतीला लावलेला असेल तर निघतो, खरंय. पण आतला चिलही असतो, तो मालातच वितळून एकजीव होतो. मग तुझी चॅपलेटची व्याख्या त्याच्यावर बसली की नाही?

खानापूरकरीण

बसली. 😕 म्हणजे राहतो की निघतो यावर नाही, कशाला ठेवलाय त्यावर लिहायचं?

चॅपलेट – कोअर प्रिंटचा आधार पुरत नाही तिथं कोअरला जागेवर धरून ठेवणारा धातूचा टेकू. तो मालात एकजीव होतो.

चिल – मालाचा जाड भाग लवकर घट्ट व्हावा म्हणून तिथं ठेवलेला धातूचा तुकडा.

उद्यमबागचा_जुना

आता कापून बघायची गरज नाही.

खानापूरकरीण

अजून १९ शब्द राहिलेत, त्यातले सात पान २१ वरच्या तक्त्यातले. तो फोटो पुस्तकाच्या शिवणीकडं वाकडा आलाय, उजवा रकाना अर्धा सावलीत. अलाउन्सचे आकडे तिथंच आहेत, त्यामुळं अंदाजानं लिहीत नाही. सोमवारी लायब्ररी उघडली की पान नीट दाबून परत काढते.